भागूबाई कोण होती?

आमच्या इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीचा चौथरा आहे, साधारण माणसाच्या छातीइतका उंच. मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळी पोरं तिथून खाली उड्या मारतात. मागच्या वर्षी एकदा सात-आठ वर्षांचा एक मुलगा काठावर येऊन उभा राहिला, त्यानं खाली पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. खालच्या एकानं तोंड उघडलं, आणि बाकीच्यांनी ते लगेच उचललं: "भित्री भागूबाई! भित्री भागूबाई!" टाळ्यांचा ठेका सगळ्यांचा एकच. मुलाचा खालचा ओठ थरथरायला लागला.

त्या घोळक्यात त्याची चार वर्षांची बहीणही होती, आणि सगळ्यात वरचा आवाज तिचाच होता. दुष्टपणा म्हणून नव्हे. थोड्या वेळानं मुलं पांगली, तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बाहुलीला मांडीवर घेऊन बसली होती आणि अगदी लाडानं गुणगुणत होती, "मी भित्री भागूबाई, तू भित्री भागूबाई." मला पाहिल्यावर तिनं विचारलं, "काकू, भागूबाई कोण आहे?"

"कोणी नाही गं, नुसतं नाव आहे," असं मी तेव्हा म्हटलं. ते उत्तर फार तोकडं होतं. अपमान कसा शिकला जातो आणि एका तोंडातून दुसऱ्या तोंडात कसा जातो, हे त्या मुलीनं माझ्यासमोर करून दाखवलं होतं. तिनं आधी ठेका घेतला, मग शब्द घेतले. अर्थ अजून तिच्यापर्यंत यायचा होता. तोपर्यंत शिवी तिच्या तोंडात बसलीसुद्धा होती.

ठेक्यापासूनच सुरुवात करू. टाळी वाजवत म्हणून बघा. भित्री, भागू, बाई, आणि चौथी टाळी रिकामी. आता इंग्रजी शाळांतून घराघरांत पोचलेलं दुसरं चिडवणं घ्या: शेम, शेम, पपी, शेम. इथेही चार टाळ्या. पुढची ओळ, "ऑल द गर्ल्स नो युवर नेम," भराभर म्हणायला लागते, पण तीही चारच टाळ्यांत बसते. रॉबिन्स बर्लिंग या अमेरिकी मानवशास्त्रज्ञानं १९६६ साली एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या भाषांतली मुलांची गाणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्यात इंग्रजी होती, पेकिंगची चिनी होती आणि सुमात्रा बेटावरच्या बेंकुलूची भाषा होती. भाषा बदलली तरी ओळ चार ठोक्यांची, आणि ओळी कमी-जास्त असल्या तरी एकंदर बांधणी तीच. मराठी त्याच्या यादीत नव्हती, पण आपली टाळी त्याच मापाची आहे हे कोणालाही घरबसल्या पडताळता येतं.

हे माप महत्त्वाचं का, तर ठेका मिळाला की दहा मुलांचा एक आवाज होतो. एकट्यानं "तू भित्रा आहेस" म्हटलं तर ते मत असतं, आणि मताला "तूच भित्रा" म्हणून परतवता येतं. दहा जणांनी तालात म्हटलेलं मात्र निकालासारखं ऐकू येतं. त्यात कोणी एक बोलणारा उरत नाही, म्हणून उत्तर द्यायचं कोणाला हेच कळत नाही. ठेक्यामुळे सामील होणंही फार स्वस्त पडतं. ज्याच्या मनात त्या मुलाविषयी काहीच नाही, तोसुद्धा टाळीच्या ओढीनं म्हणू लागतो. आणि ती रिकामी चौथी टाळी? मी पुढचे काही दिवस मुद्दाम लक्ष देऊन पाहिलं. त्या क्षणी सगळ्यांचे डोळे समोरच्याच्या चेहऱ्याकडे जातात. तो चिडला का, रडला का, हे तेवढ्यात तपासलं जातं, आणि त्यावर पुढची फेरी होणार की नाही ते ठरतं.

मराठीनं हे शब्दातच बांधून ठेवलं आहे. चिडवणं म्हणजे दुसऱ्याला चिडायला लावणं, खिजवणं म्हणजे खिजायला लावणं. समोरचा चिडला नाही तर चिडवणं झालंच नाही. शिवीचं तसं नसतं. शिवी पाठीमागे दिली तरी ती शिवीच. चिडवण्याला समोर माणूस लागतो, आणि त्याचा चेहरा लागतो.

आता हे शब्द जातात कसे, त्याकडे वळू. या विषयातलं सर्वात मोठं काम आयोना आणि पीटर ओपी या इंग्रज दांपत्यानं केलं. ब्रिटनमधल्या सुमारे ७० शाळांतल्या ५००० मुलांकडून त्यांनी गाणी, चिडवाचिडवी, शपथा आणि टोपणनावं गोळा केली आणि १९५९ साली ती पुस्तकरूपानं छापली. त्यांच्याआधी बहुतेक संग्राहक म्हाताऱ्या माणसांना लहानपणच्या आठवणी विचारत. ओपींनी मुलांनाच विचारलं, आणि त्यामुळे दोन गोष्टी समोर आल्या. या दोन्ही एकत्र खऱ्या कशा असतील असा प्रश्न वाचताना मलाही पडला होता.

पहिली गोष्ट वेगाची. डिसेंबर १९३६ मध्ये इंग्लंडच्या राजानं, आठव्या एडवर्डनं, घटस्फोटित मिसेस सिम्प्सनशी लग्न करण्यासाठी गादी सोडली. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी हे प्रकरण बरेच दिवस दाबून ठेवलं होतं. ते उघड छापून आलं ३ डिसेंबरच्या सुमारास, आणि ११ तारखेला राजा पायउतार झाला. नाताळची सुट्टी लागण्याआधी वेल्समधल्या स्वॉन्झीच्या एका शाळेत मेळावा होता. पियानोवर नाताळचं एक प्रसिद्ध भजन सुरू झालं, आणि चिमुरडी पोरं त्याच चालीवर भलतंच म्हणू लागली: मिसेस सिम्प्सननं आमचा राजा पळवला. बाईंना त्यांना आवरावं लागलं. सगळ्या मुलांना ते पाठ होतं. ते जुळवून तीन आठवडेही झालेले नसणार, आणि देशाच्या दुसऱ्या टोकांच्या गावांतही मुलं तेच म्हणत होती. रेडिओवरून असलं काही लागणं शक्य नव्हतं आणि छापून येणंही शक्य नव्हतं. ते सारं तोंडातून कानात गेलं होतं.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. बाईंकडे चहाडी करणाऱ्या मुलाला इंग्रजी मुलं "टेल टेल टिट" म्हणून चिडवतात. पुढे म्हणतात, "युअर टंग शॅल बी स्लिट, अँड ऑल द डॉग्ज इन द टाउन शॅल हॅव अ लिट्ल बिट." म्हणजे चहाडखोरा, तुझी जीभ चिरली जाईल आणि गावातल्या प्रत्येक कुत्र्याला तिचा तुकडा मिळेल. हे किमान दोनशे वर्षं चालत आलेलं आहे.

दोनशे वर्षं म्हणजे किती हातबदल, याचा हिशेब करून बघू. घरात गाणं आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे जातं. एक पिढी २५ वर्षांची धरली तर दोनशे वर्षांत आठ हातबदल होतात. मैदानातली पिढी मात्र फार छोटी असते. मूल सहाव्या वर्षी मोठ्यांकडून ऐकतं आणि बाराव्या वर्षापर्यंत असल्या गाण्यांना बालिश म्हणून सोडून देतं. मध्ये उरतात सहा वर्षं. या मापानं दोनशे वर्षांत मैदानाच्या तेहेतीसहून जास्त पिढ्या होतात. प्रत्यक्षात आठ वर्षांच्या मुलाचं सहा वर्षांचा मुलगा उचलतो, म्हणजे हातबदल दर दोनेक वर्षांनी होतो आणि साखळी शंभर कड्यांची होते. घरात चालणाऱ्या गाण्याला तेवढ्याच वर्षांत इतकी तोंडं लागत नाहीत.

तुम्ही कानगोष्टींचा खेळ खेळला असाल. पहिल्याच्या कानात वाक्य सांगायचं, ते पुढे पुढे जात दहाव्याकडे पोचलं की ओळखू येत नाही. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच शिस्तीत दाखवलं होतं. एकानं गोष्ट वाचून आठवून लिहायची, दुसऱ्यानं ते वाचून पुन्हा आठवून लिहायचं, असं करत गेलं की काही कड्यांतच अनोळखी तपशील गळतात, गोष्ट आखूड होते आणि सांगणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात जाऊन बसते. दहा कड्यांत गोष्टीची अशी दशा होते. मग शंभर कड्यांतून चहाडखोराची जीभ आणि गावची कुत्री शाबूत कशी आली?

एक कारण मैदानातच दिसतं. कानगोष्टीत प्रत्येक जण एकदाच ऐकतो, तेही एकाच तोंडून. आमच्या चौथऱ्याखालची ती चार वर्षांची मुलगी "भित्री भागूबाई" एका संध्याकाळी वीस वेळा ऐकते, आठ-दहा तोंडांतून. त्यातल्या एकानं चुकीचं म्हटलं तरी बाकीच्यांच्या आवाजात ते बुडून जातं. ती स्वतः चुकली तर जवळचा मोठा मुलगा ताबडतोब दुरुस्त करतो, आणि या बाबतीत मुलांइतका कडक मास्तर दुसरा नाही. साखळी म्हटली तरी ती प्रत्यक्षात जाळ्यासारखी असते. एक धागा तुटला म्हणून जाळं फाटत नाही.

दुसरं कारण शब्दांच्या आत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रूबिन यांनी महाकाव्यं, पोवाड्यासारखी कथागीतं आणि मुलांच्या राज्य ठरवण्याच्या ओळी यांचा स्मृतीच्या अंगानं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की तोंडी परंपरेतला शब्द एकट्या अर्थाच्या आधारानं टिकत नाही. ठेका, यमक आणि अर्थ असे दोन-तीन दोर त्याला एकाच वेळी बांधून ठेवतात. एक दोर सुटला तरी बाकीचे त्याला जागेवर धरतात. चहाडखोराच्या गाण्यात हे सरळ दिसतं. टिट, स्लिट, बिट ही यमकं जागच्या जागी राहिली. स्कॉटलंडमध्ये मुलांनी जीभ आणि कुत्री दोन्ही टाकून दिली आणि "तुझ्या आईला विणता येत नाही" असं घातलं, कारण विणण्याचा इंग्रजी शब्द "निट" त्या खाचेत नेमका बसतो. अर्थ सगळा बदलला, चहाडीचा विणकामाशी काय संबंध, पण यमक सुरक्षित राहिलं.

आपल्याकडे माझ्या लहानपणी अबोला धरताना आम्ही कट्टी घेऊन म्हणायचो, "बारा वर्षं बोलू नको, लिंबाचा पाला तोडू नको." बोलू नको हा शिक्षेचा भाग. लिंबाच्या पाल्याचा गुन्हा काय? काही नाही. "तोडू नको" हे "बोलू नको"शी जुळतं, म्हणून तो पाला तिथे अडकून बसला आहे. ज्या मुलांनी आयुष्यात कडुलिंबाची फांदी ओढलेली नाही तीसुद्धा तो तोडायला बंदी घालतात. इंग्रजीत भित्र्याला "कावर्डी कावर्डी कस्टर्ड" म्हणतात. कस्टर्ड भित्रं असतं असं कोणी मानत नाही. ते फक्त "क"साठी आणि ठेक्यासाठी आलं. भागूबाईही अशीच "भ"साठी आली असणार.

मुलं ही निरर्थक भर गाळून टाकत नाहीत, यामागे माणसाच्या पोराची एक खास सवय आहे. २००५ साली व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्रू व्हायटन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका खोक्यातून खाऊ काढायचा होता. करून दाखवणारा माणूस आधी खोक्याच्या वरच्या भोकात काठी खुपसायचा, ज्याचा काहीच उपयोग नव्हता, आणि मग खालच्या दारातून खाऊ काढायचा. खोकं पारदर्शक असलं आणि वरची खटपट फुकट आहे हे डोळ्यांनी दिसलं, की चिंपांझी ती पायरी वगळून थेट खाऊ काढत. तीन-चार वर्षांची मुलं मात्र पारदर्शक खोक्यातही ती फुकटची काठी इमानानं खुपसत. कशाला, ते कळलं नाही तरी जसंच्या तसं करायचं, ही माणसाच्या पोराची रीत आहे. भाषा तिच्याच जोरावर शिकता येते. "पपी शेम"मधला पपी कोण, हे न विचारता तो पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो, तोही तिच्याच जोरावर.

पण चिडवायला मूल मैदानावरच शिकतं असं मानलं तर आपण मोठी माणसं फार सहज सुटतो. आंघोळ करून टॉवेल टाकून पळणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाला आपण काय म्हणतो? "शी शी, नंगूपंगू!" इंग्रजीचा सोस असलेल्या घरात "शेम शेम." सगळे हसतात, मूलही हसतं. काही दिवसांत तेच मूल शेजारच्या बाळाकडे बोट दाखवून "नंगूपंगू" म्हणतं आणि आपण कौतुकानं दुसऱ्यांना बोलावून दाखवतो. लाज काय असते हे कळण्याआधी दुसऱ्याला लाजवायचं कसं हे त्याला आपण मांडीवर शिकवलेलं असतं.

हे सगळ्यात बारकाईनं टिपलं गेलं ते पापुआ न्यू गिनीच्या कालुली लोकांत. भाषा-मानवशास्त्रज्ञ बाम्बी शीफेलिन यांनी १९७० च्या दशकात तिथे राहून आया आणि मुलं यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. कालुली आई तान्ह्याशी बोबडं बोलत नाही. मूल बोलायला लागलं की ती त्याला वाक्य देते आणि पुढे "एलेमा" म्हणते, म्हणजे "असं म्हण." अशी जी वाक्यं ती भरवते त्यांत विनवण्या असतात, आणि टोमणेही असतात. दुसऱ्या मुलानं वस्तू हिसकावली तर त्याला म्हणायचं, "ते तुझं आहे का?" किंवा "तू कोण?" उत्तराची अपेक्षा नसलेले हे प्रश्न समोरच्याला गप्प करण्यासाठी असतात. कालुली आईच्या दृष्टीनं हे स्वतःचा वाटा राखायचं शिक्षण आहे. आपल्याकडेही "विचार त्याला, लाज नाही वाटत?" असं आपण मुलाच्या तोंडून बोलवून घेतोच. फरक एवढाच, की कालुली आया ते शिकवणं म्हणून उघडपणे करतात.

म्हणून मूल मैदानात उतरतं तेव्हा त्याच्याकडे पाटी कोरी नसते. मैदान त्याला तयार साचे देतं, आणि त्यात काय भरायचं ते बरंचसं घरातून आणि शाळेतून आलेलं असतं.

मराठीतला सगळ्यात कामाचा साचा म्हणजे शेवटी येणारा "या". जाडा, काळा, बुटका, बोबडा या शब्दांना हाक मारताना आपण जाड्या, काळ्या, बुटक्या, बोबड्या करतो. व्याकरणात हे संबोधनाचं रूप आहे. त्यात अपमान कुठून येतो? माणसाचं एक व्यंग उचलायचं आणि तेच त्याचं नाव म्हणून हाक मारायची, यातून येतो. "तू जाडा आहेस" म्हटलं तर जाडेपणाखेरीज तुझ्याकडे आणखी पुष्कळ काही असू शकतं. "ए जाड्या" म्हटलं की दुसरं काही शिल्लकच राहत नाही. चष्मा लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी मूल "ढापण्या" होतं, कारण साचा तयार असतो आणि फक्त नवा माल टाकायचा असतो. याच साच्यातून गणेशचा गण्या आणि प्रकाशचा पक्या होतो, आणि जिवलग मित्र एकमेकांना आयुष्यभर त्याच नावानं हाक मारतात. म्हणजे विष "या"मध्ये नाही. हाक मारणारा कोण आणि परत तशीच हाक मारायची मुभा समोरच्याला आहे का, यावर सारं अवलंबून असतं.

साच्याच्या खाचेत काय काय जातं याची यादी केली, तर त्या गावात कशाला कमी लेखतात त्याची यादी आपोआप तयार होते. रंग, वजन, उंची, चष्मा, बोलण्यातला दोष, अभ्यासात मागे असणं. "ढ" हे तर एक अख्खं अक्षरच शिवी होऊन बसलं आहे. ब्राह्मी लिपीपासून इतर अक्षरं बदलत गेली आणि ढ जवळपास जसाच्या तसा राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ढ म्हणतात, असं सांगितलं जातं. व्युत्पत्ती काहीही असो, ही शिवी मुलांना शाळेनं शिकवली आहे.

आणि भागूबाई? तो मुलगा होता. मराठी व्याकरणानं त्याला "भित्रा" म्हणायला हवं होतं. साडेतीन वर्षांचं मूलसुद्धा "दादा आली" म्हणालं तर आपण हसतो आणि दुरुस्त करतो. इथे मात्र मुलाला "भित्री" म्हटलं, वर "बाई" जोडलं, आणि कोणालाच ती चूक वाटली नाही. कारण चिडवण्याचं निम्मं वजन त्याच लिंगबदलात आहे. रडणाऱ्या मुलालाही आपण "रडूबाई" म्हणतो. भीती आणि रडू बाईकडे जमा करून ठेवलेलं आहे, आणि ज्या मुलाच्या वाट्याला ते येईल तो तेवढ्यापुरता बाई ठरतो. भागू हे भागीरथीचं घरगुती रूप. खेड्यापाड्यांत जुन्या पिढीतल्या कितीतरी कष्टाळू बायकांचं हे खरं नाव होतं. चार वर्षांच्या मुलीनं ते ठेक्यासकट उचललं आणि स्वतःलाच लावून घेतलं. पुढे कधीतरी तिला अर्थ कळेल, आणि बाई असणं हे चिडवण्याचं कारण असतं हे ज्ञान तिच्याकडे आधीपासून पाठ असलेलं असेल. मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

मग सगळंच चिडवणं सारखं वाईट का? मला तसं वाटत नाही, आणि यासाठी विल्यम लबॉव्ह यांचं काम मदतीला येतं. १९६० च्या दशकात न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय मुलांच्या टोळक्यांमधली अपमानांची जुगलबंदी ध्वनिमुद्रित केली. तिथली मुलं एकमेकांच्या आयांवरून काय काय बोलतात! "तुझी आई इतकी म्हातारी की तिच्या काखेत कोळ्याची जाळी झालीत." ऐकून कोणी भडकत नाही. समोरचा याहून वरचढ काहीतरी फेकतो आणि भोवतालचे दाद देतात. लबॉव्ह यांच्या लक्षात आलं की हा खेळ एका अटीवर चालतो. अपमान उघडपणे खोटा असला पाहिजे. कोणाच्याही काखेत जाळी नसतात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तो खेळ राहतो. पण एखाद्याच्या घरातल्या माणसाच्या खऱ्या तोतरेपणावर किंवा खऱ्या पिकल्या केसांवर कोणी बोललं, की खेळ तिथेच मोडतो. मुलगा प्रतिटोला हाणत नाही. तो खुलासा करू लागतो, "तसं काही नाहीये," म्हणतो.

हा फरक मला फार उपयोगी वाटतो, कारण तो दुरूनही ऐकू येतो. उत्तरादाखल दुसरा टोला आला तर मुलं खेळत आहेत. "जो म्हणतो तोच असतो" हे आपल्याकडचं उत्तरही याच जातीचं. त्यात काहीही सिद्ध करावं लागत नाही, चेंडू नुसता परत फेकला जातो. उत्तरात खुलासा आला, किंवा काहीच आलं नाही आणि मूल घराकडे वळलं, तर खेळ संपलेला असतो. वजन, रंग, बोबडेपणा हे खरे असतात म्हणून लागतात. आणि साच्यात जातीचं नाव टाकलं जातं तेव्हा परतफेड मुळी शक्यच नसते, कारण उलट दिशेनं फेकायला समोरच्याच्या हातात तसा शब्दच समाजानं दिलेला नसतो. मुलांच्या गाण्याचा ठेका तोच असतो, यमकही तसंच, पण ती जुगलबंदी नव्हे.

साच्यातला माल बदलता येतो का? एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, फक्त त्याचा इतिहास ओळखीचा नाही. राज्य ठरवताना म्हणतात ते "ईनी मीनी मायनी मो, कॅच अ टायगर बाय द टो." वाघाला पायाच्या बोटाला धरून पकडायचं, हे कसं काय? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या ओळीत वाघ नव्हता. तिथे कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी अत्यंत हीन शिवी होती. हेन्री बोल्टन यांनी १८८८ साली छापलेल्या राज्य ठरवण्याच्या गाण्यांच्या संग्रहात तशी ओळ आहे. पुढे समाजात त्या शब्दाची लाज वाटू लागली, आयाबाप आणि शिक्षक मुलांना अडवू लागले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या जागी "टायगर" रुळला. हा शब्द निवडला गेला यात नवल नाही. दोनच अक्षरसमूह, शेवट त्या शिवीसारखाच, त्यामुळे ठेक्याला धक्का लागला नाही. बाकीची ओळ तशीच राहिली, त्या पायाच्या बोटासकट. ज्या मुलांना पूर्वीचा शब्द माहीतच नाही, त्यांच्या तोंडी आज फक्त वाघ आहे. साचा हलला नाही, माल बदलला. पण त्यासाठी एका घरानं किंवा एका शाळेनं ठरवून भागलं नव्हतं. तो शब्द सगळीकडून एकाच काळात ऐकू येईनासा व्हावा लागला.

आमच्या चौथऱ्यावरही एक बदल मी पाहिला. त्याच मे महिन्याच्या शेवटी एक दहा वर्षांची मुलगी, जी स्वतः सगळ्यात आधी उडी मारायची, कोणीतरी "भागूबाई" सुरू केल्याबरोबर खालून ओरडली, "भित्रा भाऊराव!" मी मनातल्या मनात टाळी वाजवून पाहिली. भित्रा, भाऊ, राव, आणि चौथी रिकामी. "भ"ला "भ" जुळला होता, ठेका तंतोतंत बसला होता, आणि लिंग व्याकरणाला धरून होतं. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या कानाला साचा पाठ होता. दोन-तीन संध्याकाळ मुलींनी ते जोरात चालवलं, मुलगेही हसले, एक-दोघांनी म्हटलंसुद्धा.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि पावसामुळे चौथरा निसरडा झाला. दिवाळीच्या सुट्टीत पोरं परत जमली, तेव्हा मी कान देऊन खिडकीत उभी राहिले. भाऊराव कोणाच्या तोंडी नव्हता. तीन संध्याकाळ आणि सहा-सात तोंडं त्याला पुरली नव्हती. पाच वर्षांची झालेली ती धाकटी या वेळी स्वतः चौथऱ्यावर चढली होती, आणि खाली उभ्या असलेल्या एका नव्या, तिच्याहून लहान मुलाकडे बोट दाखवून टाळीवर म्हणत होती, "भित्री भागूबाई." रिकाम्या टाळीला ती थांबली आणि तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.